कुसळं काढता काढता

श्रोतेहो, नमस्कार.

लग्नाचं विचारायचं तर कुठं आणि कधी, हा प्रश्न माझा भाचा घेऊन आला. मुलगी पुण्यात नोकरीला, दोन दिवसांसाठी कोल्हापूरला येणार होती. रंकाळा त्यानं स्वतःच बाद केला. तिथं भेळेची पुडी उलगडेपर्यंत ओळखीचे चार काका भेटतात!

आधी त्याच्या डोक्यात जुलैतला गगनबावडा होता. पण त्या दिवसांत घाटात धुकं असं उतरतं की समोरची दरी सोडा, शेजारचं माणूस दिसत नाही. ते धुकं मला आवडतं, पण छत्री सांभाळत मनातलं कसं बोलणार? गोवाही निघालं होतं. मी म्हटलं, ती "विचार करून सांगते" म्हणाली तर? एवढ्या लांब मुक्कामाला तिला अडकवून ठेवायचं? तासाभरात घरी परतता येईल, अशीच जागा बघ.

पन्हाळ्याच्या पुढचं मसाई पठार तिनं मागेच बघायचं म्हटलं होतं. त्यामुळे तिथं नेण्यासाठी बहाणा लागणार नव्हता. जुलैत पन्हाळा ते पावनखिंड मोहिमेची माणसं याच पठारावरून जातात. सप्टेंबर-ऑक्टोबरात फुलं असतात, पण ती बघायला येणारेही असतात. म्हणून नोव्हेंबरअखेरचा मंगळवार धरला. गवत वाळलेलं, हवा स्वच्छ, गर्दी कमी. पुण्याहून आल्या दिवशी अंग आंबलेलं असतं, म्हणून दुसऱ्या दिवशीची दुपार.

त्या दिवसांत सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि पुढं वीसेक मिनिटांत अंधारून येतं. पठारावर दिवे नाहीत, आडोसाही नाही. बरेच जण सूर्य टेकायची वाट बघतात आणि मग उत्तर ऐकायच्या आत गाडी शोधत धावतात. मी सांगितलं, पाचपर्यंत वर पोच, साडेपाचच्या आत बोल. पुढचा उजेड दोघांनी बसायला ठेव. कॅमेरावाला मित्र झुडपाआड नको. तो दिसला की तिला उत्तर त्यालाही द्यावं लागतं. अंगठी डबीत नको, खिशाला फुगवटा येतो. रुमालात गुंडाळून आतल्या खिशात, चेन लावून.

त्यानं कड्याच्या टोकाची जागा हेरून ठेवली होती. तिथं वारा एवढा की "काय म्हणालास?" असं तिनं दोनदा विचारलं. तो गप्प झाला. परत वळल्यावर तिच्या सलवारीला कुसळं चिकटली होती, ती काढायला दोघं एका खडकाआड बसले. तिथं वारा लागत नव्हता. तिसरं की चौथं कुसळ काढताना त्यानं विचारलं. ती म्हणाली, "आधी हे पायातलं काढ, टोचतंय. मग हो म्हणते."

अंगठी मात्र रुमालाच्या दोऱ्यात अडकली होती. ती सोडवेपर्यंत सूर्य गेला.