तिरक्या फोटोतील आलेख आणि सातशे मीटर

(दृश्य: मोबाइलच्या पडद्यावर आलेख-कागदाचा फोटो. कागद थोडा तिरका आहे आणि उजवीकडची टोके अरुंद होत गेली आहेत.)

निवेदन:
पुण्यातील नववीच्या एका विद्यार्थ्याच्या वहीतला हा चाल-काल आलेख आहे. उदाहरण काल्पनिक आहे: कर्वे रस्त्याने डेक्कनकडे येणारी एक बस एका थांब्यावरून निघते आणि १०० सेकंदांनी पुढच्या थांब्यावर उभी राहते. आडव्या अक्षावर १ सेंटीमीटर म्हणजे १० सेकंद आणि उभ्या अक्षावर १ सेंटीमीटर म्हणजे ताशी १० किलोमीटर, असे प्रमाण घेतले आहे. या दोन थांब्यांमधील अंतर केवळ या फोटोवरून काढायचे आहे.

रेषेला सहा टोके आहेत. बस शून्यापासून २० सेकंदांत ताशी ३६ किलोमीटरपर्यंत पोहोचते आणि ६० व्या सेकंदापर्यंत तीच चाल टिकवते. पुढे सिग्नलजवळ ७० व्या सेकंदाला चाल १८ वर उतरते, ९० व्या सेकंदापर्यंत तेवढीच राहते आणि १०० व्या सेकंदाला शून्य होते.

(दृश्य: टोकांवरून आडव्या अक्षापर्यंत उभ्या रेषा उतरतात आणि रेषेखालचा भाग तुकड्यांत विभागला जातो.)

चाल स्थिर असते तेव्हा अंतर म्हणजे चाल गुणिले वेळ, आणि आलेखावर हाच गुणाकार आयताचे क्षेत्रफळ असतो. चाल शून्यापासून एकसारखी वाढत असेल, तर तिची सरासरी शेवटच्या चालीच्या निम्मी भरते. त्रिकोणाच्या क्षेत्रफळातील ‘अर्धा’ येतो तो इथून. म्हणून पहिला त्रिकोण २० × ३६ च्या निम्मा, म्हणजे ३६० होतो आणि त्यानंतरचा आयत ४० × ३६, म्हणजे १४४०.

६० ते ७० सेकंदांमधला तुकडा मात्र नुसता त्रिकोण नाही. रेषा उतरताना दिसली की अनेक जण तिच्याखाली केवळ त्रिकोण मोजतात, आणि काही जण तर तो वजा करतात. रेषा उतरते आहे याचा अर्थ बस मागे जाते आहे असा नव्हे. ती पुढेच जाते आहे, फक्त सावकाश. या तुकड्यात खाली १० × १८ चा आयत आहे, म्हणजे १८०, आणि त्याच्यावर १० × १८ च्या निम्मा त्रिकोण आहे, म्हणजे ९०. दोन्ही मिळून २७० होतात. पुढचा आयत २० × १८, म्हणजे ३६०, आणि शेवटचा त्रिकोण ९०.

सर्वांची बेरीज २५२० येते, पण हे अद्याप मीटर नाहीत. उभ्या अक्षावर तास आहे आणि आडव्यावर सेकंद, त्यामुळे या संख्येला ३.६ ने भागावे लागते. प्रत्येक चाल आधी मीटर प्रति सेकंदात बदलून घेतली तरी चालते, परंतु शेवटी एकदाच भागणे अधिक सोयीचे.

२५२० ÷ ३.६ = ७००

अंतर ७०० मीटर आले. पडताळा सोपा आहे: बस सर्व १०० सेकंद ताशी ३६ ने धावली असती तर १००० मीटर गेली असती, तेव्हा उत्तर त्याहून कमीच असले पाहिजे.

(दृश्य: फोटो मोठा होतो, मिलिमीटरच्या रेषा पुसट होतात.)

खरी अडचण टोके वाचण्यात आहे. फोटो तिरका असल्यामुळे कागदावरच्या समांतर रेषा पडद्यावर समांतर राहत नाहीत आणि दूरच्या बाजूचा सेंटीमीटर जवळच्यापेक्षा आखूड दिसतो. त्यामुळे पडद्यावर पट्टी ठेवून मोजणे व्यर्थ आहे. टोकाजवळची छापील रेषा धरून, ती जशी वाकडी जाईल तशी, अक्षापर्यंत बोटाने जावे आणि तिथला आकडा वाचावा. अक्षाची सुरुवात शून्यापासूनच आहे ना, हेही त्याच वेळी पाहावे, कारण फोटो कापताना खालची पट्टी गेली असेल तर तेवढे क्षेत्रफळही गेलेले असते.

सगळ्या चुका सारख्या महाग नसतात. सिग्नलजवळचे ६० व्या सेकंदाचे टोक कोणी ६१ वर वाचले, तर उत्तर केवळ अडीच मीटरने वाढते. परंतु वरची सपाट रेषा ३६ ऐवजी ३८ वर वाचली, म्हणजे कागदावर अवघ्या दोन मिलिमीटरची गफलत झाली, तर आयत आणि त्याच्या दोन्ही बाजूंचे उतार असे तिन्ही तुकडे वाढतात आणि उत्तर सुमारे ३० मीटरने फुगते. म्हणून वेळेपेक्षा सपाट रेषेची उंची अधिक निगुतीने वाचावी, शक्यतो तिच्या दोन्ही टोकांना. दोन टोकांचे आकडे जुळले नाहीत, तर छापील रेषा सोडून पडद्याच्या आडव्या दिशेने वाचन झाले आहे, असे समजावे आणि पुन्हा वाचावे.