नव्या भागीदारासाठी भागीदारीपत्राचा सारांश

व्यापारी मंडळींनो, मला चाळीस मिनिटे दिली आहेत आणि भागीदारीपत्रातील भांडवल, नफा-तोटा, सहीचा अधिकार आणि निवृत्ती या चार कलमांचा सारांश कसा करावा, हे सांगायचे आहे. परंतु आधी माझी स्वतःची एक चूक सांगतो.

हळदीच्या एका आडत पेढीत नवा भागीदार येत होता. त्याच्यासाठी मी अर्ध्या पानाचा सारांश केला आणि त्यात लिहिले, ‘भांडवल पाच लाख, नफ्यात वाटा वीस टक्के.’ दोन्ही आकडे बरोबर होते. वर्षअखेर पेढीला बारा लाख नफा झाला आणि गृहस्थ दोन लाख चाळीस हजारांच्या अपेक्षेने आले. मूळ पत्रात मात्र वाटणीपूर्वी भांडवलावर बारा टक्के व्याज आणि कार्यरत भागीदारांना मानधन द्यायचे होते. एकूण भांडवल पस्तीस लाख, म्हणून व्याज चार लाख वीस हजार. मानधन चार लाख ऐंशी हजार. उरले तीन लाख, त्यांचे वीस टक्के साठ हजार. त्यांच्या पाच लाखांवरील व्याजाचे साठ हजार मिळवले, तरी हाती आले एक लाख वीस हजार, म्हणजे बरोबर निम्मे. मानधन त्यांना नव्हते, कारण ते पेढीवर बसत नव्हते. (तुम्ही हसता आहात, ते हसले नव्हते.) तेव्हापासून मी टक्केवारीपुढे ‘कशाचे टक्के’ हे लिहितो, आणि तोट्यातील वाटा वेगळ्या ओळीत लिहितो, कारण पत्रात काहीच ठरलेले नसेल, तर १९३२च्या भागीदारी कायद्याप्रमाणे नफा आणि तोटा दोन्ही समान वाटले जातात, मग भांडवल कितीही असो.

चिठ्ठी आली आहे, वेळ संपत आली, तेव्हा उरलेले भरभर सांगतो.

सहीचा अधिकार लिहिताना ‘बँकेत कोणत्याही दोघांच्या सह्या’ एवढ्यावर थांबू नका. एका भागीदाराने पेढीच्या नावाने नेहमीच्या व्यवहारातला माल उधार उचलला, तर आतले बंधन ठाऊक नसलेल्या विक्रेत्यापुढे सगळी पेढी बांधली जाते आणि त्यात नव्याची खासगी मालमत्ताही येते. जुन्या कर्जांना तो कायद्याने बांधील नसतो. पण पत्रात ‘सर्व येणे-देणे स्वीकारून’ असे शब्द असतील, तर ते सारांशात अधोरेखित करा.

निवृत्तीच्या कलमातून नोटिशीची मुदत, पेढीच्या नावलौकिकाची किंमत धरायची की नाही आणि भांडवल किती हप्त्यांत परत मिळणार, हे उचला. त्याखाली एक ओळ हाताने लिहा: नोंदणीकृत पेढीतून निघाल्यावर निबंधकाला सूचना, राजपत्र आणि स्थानिक भाषेतील वृत्तपत्र, या तिन्ही ठिकाणी जाहीर सूचना होईपर्यंत, निघालेल्याला अजून भागीदार समजून उधारी देणारा व्यापारी त्याच्याही दारात येऊ शकतो.