गोळी तीच, वेळ वेगळी

(दृश्य: निपाणीतली गल्ली, पहाट. उंबऱ्यात सुपं घेऊन बसलेल्या बायका. कात्रीनं कापली जाणारी पानं, जर्दा, दोरा. कॅमेरा बोटांवर.)

कागल मागं टाकून कोगनोळीचा नाका ओलांडला की कर्नाटक लागतं, आणि थोड्याच वेळात निपाणी. जिल्हा बेळगाव, पण दवाखान्याचं मोठं काम निघालं की माणसं कोल्हापूर गाठतात, कारण ते जवळ पडतं. या गल्लीत घरोघरी विड्या वळतात. कापलेलं पान हातात घ्यायचं, चिमूटभर जर्दा, एक वळसा, तोंड मुडपायचं, दोरा. बोलता बोलता विडी तयार.

ही बोटं अक्कांची. वय चोपन्न. गल्लीत सगळे त्यांना अक्का म्हणतात, आपणही तेच म्हणू. याच बोटांना मागच्या हिवाळ्यात कंप सुटला होता. दोरा बसेना, पान फाटायचं. वयाचा परिणाम, रक्त कमी, कुणाची तरी नजर, सगळं बोलून झालं. कारण मात्र फळीवरच्या डब्यात होतं.

(दृश्य: स्वयंपाकघरातली फळी. बिस्किटाचा पत्र्याचा डबा उघडतो. आत एक बाटली, तीन-चार पाकिटं, घडी घातलेली कागदपत्रं.)

अक्कांना थायरॉइड कमी असल्याचं निदान होऊन बरीच वर्षं झाली. गळ्यातली ही ग्रंथी पुरेसं संप्रेरक बनवत नाही, म्हणून तेच संप्रेरक गोळीतून द्यायचं. गोळीचं नाव लेव्होथायरॉक्सिन. अक्कांचा डोस होता ७५ मायक्रोग्रॅम. औषध पुरतंय की नाही हे रक्तातल्या टीएसएचवरून कळतं. औषध कमी पडलं की टीएसएच चढतो, जास्त झालं की खाली जातो. अक्कांचा २.४ होता. सगळं ठीक चाललं होतं.

मग कंबर धरली. कोल्हापूरच्या हाडाच्या डॉक्टरांनी कॅल्शियम दिलं, ५०० मिलिग्रॅमची गोळी दोन वेळा. पुढच्याच महिन्यात इथल्या सरकारी दवाखान्यात हिमोग्लोबिन ८.८ निघालं, तिथून लोहाच्या गोळ्या मिळाल्या. थायरॉइडचं बघणारे डॉक्टर तिसरेच. कुणाचाही सल्ला चुकीचा नव्हता. पण एका डॉक्टरांचा कागद दुसऱ्यांनी कधी पाहिला नाही. एक चिठ्ठी महाराष्ट्रातली, एक कर्नाटकातली, सरकारी कार्ड कन्नडमध्ये. अक्का शिकल्या त्या मराठी शाळेत.

(दृश्य: अक्का तळहातावर तीन गोळ्या मांडून दाखवतात. एक अगदी लहान, एक लांबट जाड, एक लाल. शेजारी दुधाच्या चहाचा कप.)

“सकाळी उठलं की सगळ्या एकदमच घेत होते बघा. एकदा काम सुरू झालं की ध्यानातच राहात नाही. लक्षात राहावं म्हणून चहाबरोबर.”

कोणत्याही घरात असंच होतं, आणि समजूतदार माणसाकडूनच होतं. विसरायला नको म्हणून ही युक्ती केलेली असते.

आता या तळहाताकडं नीट बघा. ७५ मायक्रोग्रॅम म्हणजे एका मिलिग्रॅमचा साधारण तेरावा हिस्सा. शेजारच्या लाल गोळीतलं लोह ६० मिलिग्रॅम, म्हणजे वजनात आठशे पट. कॅल्शियम तर त्याहूनही कितीतरी जास्त. तिन्ही एकाच वेळी पोटात उतरतात. लोह थायरॉइडच्या औषधाला घट्ट चिकटतं आणि दोघांची मिळून जी जोडी होते ती नीट विरघळत नाही. कॅल्शियम कार्बोनेटचं तसंच, औषध त्याच्या कणांना धरून बसतं. लेव्होथायरॉक्सिन रक्तात उतरतं ते लहान आतड्यातून. रिकाम्या पोटी, नुसत्या पाण्यासोबत घेतलं तर गोळीतला साधारण ७० ते ८० टक्के भाग अंगी लागतो. चिकटलेलं औषध आतड्याच्या भिंतीतून आत शिरतच नाही, पुढं सरकतं आणि शौचावाटे निघून जातं.

हे प्रयोगात दिसलेलं आहे. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात थायरॉइडचा डोस ठरलेल्या चौदा रुग्णांना त्याच गोळीबरोबर ३०० मिलिग्रॅम फेरस सल्फेट देण्यात आलं. डोस बदलला नाही. बारा आठवड्यांत त्यांचा सरासरी टीएसएच १.६ वरून ५.४ वर गेला. त्याच संशोधकांनी थायरॉक्सिन आणि लोह काचेच्या नळीत एकत्र केलं, तर जांभळट रंगाचा, न विरघळणारा गाळ तयार झाला.

(दृश्य: कागदपत्रं एकेक करून जमिनीवर मांडलेली. रक्ततपासणीचे अहवाल तारखेप्रमाणे.)

अक्कांचे अहवाल आम्ही असे ओळीनं मांडले. कॅल्शियम आणि लोह सुरू होऊन तीन-चार महिने झाल्यावरचा टीएसएच ९.८. चेहरा सुजलेला, अंगात त्राण नाही. डोस ७५ चा १०० झाला. दोन महिन्यांनी ७.१. डोस १२५. त्यानंतर ३.२. कागदावर आकडा बरोबर आला आणि सगळे निर्धास्त झाले.

पण त्या १२५ मधलं किती अंगी लागत होतं? जवळपास पूर्वीच्या ७५ इतकंच. वाढवलेला सगळा डोस कॅल्शियम आणि लोहच अडवून ठेवत होते. हे कुणाच्याच लक्षात आलं नाही, कारण ‘आणखी कोणत्या गोळ्या चालू आहेत?’ हा एक प्रश्न विचारला गेला नाही. आमचं म्हणणं आहे की औषधाच्या दुकानात, सरकारी खिडकीवर, डॉक्टरांच्या टेबलावर, गोळी हातात देण्याआधी हा प्रश्न यायलाच हवा, आणि समोरच्या बाईला कळेल त्या भाषेत यायला हवा.

पुढं लोहाचा कोर्स संपला. कंबर बरी वाटायला लागली म्हणून अक्कांनी कॅल्शियमही थांबवलं. अडवणारं कुणी राहिलं नाही. १२५ ची गोळी आता जवळपास पूर्ण अंगी लागायला लागली. छातीत धडधड, रात्रीची झोप गेली, बोटांना कंप. टीएसएच ०.०६. असं बराच काळ राहिलं तर हृदयाचे ठोके बिघडतात आणि हाडं आणखी झिजतात.

(दृश्य: डब्यातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत भरल्या जातात. दवाखान्याचं दार बाहेरून.)

आत कॅमेरा नेला नाही. अक्कांनी डबाच्या डबा डॉक्टरांच्या टेबलावर रिकामा केला, तेव्हा उलगडा झाला. डोस पुन्हा ७५ वर आला. हाडांसाठी कॅल्शियम लागणारच होतं, ते परत सुरू झालं, पण वेळ बदलून.

(दृश्य: पहाटेचं घड्याळ. अक्का लहान गोळी पाण्याबरोबर घेतात. चुलीवर पाणी तापतंय.)

आता अक्कांचा दिवस असा जातो. पहाटे पाचला उठल्या उठल्या थायरॉइडची गोळी, नुसत्या पाण्याबरोबर. मग झाडलोट, पाणी भरणं. चहा सहाला. दुधानं आणि कॉफीनंही औषध कमी अंगी लागतं, त्यामुळं निदान अर्धा तास, जमलं तर तासभर थांबायचं. न्याहारी त्यानंतर. थायरॉइडच्या गोळीपासून कॅल्शियम आणि लोह निदान चार तास लांब. कॅल्शियमची एक गोळी दुपारच्या जेवणाबरोबर, एक रात्रीच्या. कॅल्शियम कार्बोनेट जेवणासोबतच चांगलं अंगी लागतं, म्हणजे यात अक्कांचं नुकसान काहीच नाही. लोह परत चालू झालं तर त्याची वेळ संध्याकाळची, कॅल्शियमपासून दोन तास बाजूला आणि चहाबरोबर नाही, कारण चहा आणि कॅल्शियम लोहालाही अडवतात.

चार तासांचा हा नियम ‘शक्तीच्या गोळ्यां’नाही लागू आहे, कारण बहुतेकांत लोह किंवा कॅल्शियम असतं. जळजळीवर घेतात त्या पांढऱ्या-गुलाबी पातळ औषधालाही तोच, त्यात ॲल्युमिनियम आणि मॅग्नेशियम असतं. आम्लपित्तावर सकाळी उपाशीपोटी घेतात त्या कॅप्सूलचं मात्र वेगळं. ती औषधाला चिकटत नाही, पोटातलं आम्लच कमी करते, आणि तिचा परिणाम दिवसभर राहतो. तिथं तास मोजून उपयोग नाही. अशी कॅप्सूल रोजची झाली किंवा बंद झाली, तर डॉक्टरांना सांगून टीएसएच पुन्हा बघायचा.

(दृश्य: अक्का पुन्हा सुपाजवळ. विडी वळतात. बोटं स्थिर.)

एखाद्या दिवशी गोळ्या एकत्र घेतल्या गेल्या तर घाबरायचं कारण नाही. लेव्होथायरॉक्सिनचा रक्तातला साठा निम्म्यावर यायला साधारण आठवडा लागतो, त्यामुळं एका दिवसानं फरक पडत नाही, रोजच्या सवयीनं पडतो. म्हणूनच वेळ किंवा डोस बदलल्यावर टीएसएच लगेच बघून उपयोग नसतो, सहा ते आठ आठवडे जाऊ द्यावे लागतात. अक्कांचा आठ आठवड्यांनी २.७ आला.

पहाटे ज्यांना जमतच नाही, त्यांना डॉक्टरांना विचारून हीच गोळी रात्री झोपताना घेता येते. जेवण होऊन तीन तास झालेले हवेत, आणि रात्रीचं कॅल्शियम तिथून हलवायला हवं.

(दृश्य: शेजारची गरोदर सून, हातात अंगणवाडीतून आलेल्या गोळ्या. अक्का पाकिटावर पेननं लिहून देतात.)

अक्कांच्या शेजारची ही सून पाचव्या महिन्यात आहे. तिलाही थायरॉइडची गोळी चालू आहे. गरोदरपणात चौथ्या महिन्यापासून लोहाची एक आणि कॅल्शियमच्या दोन गोळ्या रोज सुरू होतात आणि त्या तिला लागतातच. एकही थांबवायची नाही. शिवाय याच काळात थायरॉइडच्या औषधाची गरज मुळातच वाढते, साधारण पाव ते निम्म्यानं. गरज वाढलेली आणि औषध अडलेलं, असं दोन्ही बाजूंनी झालं तर बाळाला त्रास होतो.

अक्कांनी तिच्या पाकिटांवर मराठीत वेळा लिहून दिल्यात. थायरॉइड, पहाटे पाच. कॅल्शियम, दुपारी जेवताना आणि रात्री जेवताना. लोह, संध्याकाळी पाच, पाण्याबरोबर.

“आधी डॉक्टरांना दाखव, मग सुरू कर,” अक्का तिला सांगतात. “आणि एकत्र घेत होतीस तेपण सांग त्यांना. नाहीतर ते डोस वाढवून बसतील.”

गरोदरपणात पहिल्या साडेचार-पाच महिन्यांपर्यंत दर चार आठवड्यांनी टीएसएच बघतात. तिची पुढची तपासणी सोमवारी आहे. अक्का डब्यातली पिशवी तिला देतात, सगळ्या गोळ्या भरून न्यायला.