ऑफर लेटरमधल्या पगाराची फेरमांडणी: पंधरा लाखांचं एक उदाहरण
(मुंबईत नोकरदारांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

ऑफर लेटर हातात आलं की आपली नजर पहिल्यांदा सीटीसीच्या आकड्यावर जाते. आज तो आकडा बाजूला ठेवून त्याखालचा तक्ता वाचायचा आहे. त्यातल्या प्रत्येक ओळीला एकच प्रश्न विचारायचा: हे पैसे माझ्या हातात पगार म्हणून येतात, बिल दाखवल्यावर परत मिळतात, की कंपनी माझ्या नावाने परस्पर दुसरीकडे भरते? कर ठरतो तो यावर. ओळीचं नाव काय आहे, याने फारसा फरक पडत नाही.

एक उदाहरण घेऊ. दर २०२५-२६ या आर्थिक वर्षाचे आहेत. सीटीसी पंधरा लाख. त्यात बेसिक ७,५०,०००, एचआरए ३,००,०००, स्पेशल अलाउन्स ३,२३,९२५, कंपनीचा पीएफचा वाटा ९०,००० आणि ग्रॅच्युइटी ३६,०७५. शेवटच्या दोन रकमा दरमहा हातात येत नाहीत. राहिले १३,७३,९२५. नव्या करप्रणालीत यातून ७५,००० ची प्रमाणित वजावट जाते आणि करपात्र उत्पन्न उरतं १२,९८,९२५. उपकरासह कर होतो सुमारे ७७,८३२ रुपये. आपला पीएफचा ९०,००० चा वाटा आणि महाराष्ट्राचा २,५०० व्यवसाय कर वजा केला, की महिन्याला हातात साधारण १,००,२९९ पडतात.

आता मुख्य मुद्दा. नव्या करप्रणालीत करपात्र उत्पन्न बारा लाखांपर्यंत असेल, तर ८७ए खालच्या सवलतीमुळे कर शून्य होतो. म्हणजे आपण सीमारेषेच्या फक्त ९८,९२५ रुपये पुढे आहोत, आणि तेवढ्यासाठी ७७,८३२ भरतोय. ही रक्कम स्पेशल अलाउन्समधून उचलून करमुक्त ओळीत नेता येते का, हे बघायचं.

इथे बहुतेक जण एचआरए वाढवून मागतात. नव्या करप्रणालीत त्याचा काहीच उपयोग नाही, कारण तिथे एचआरए पूर्ण करपात्र आहे. एलटीएचं, म्हणजे सुट्टीतल्या प्रवासाच्या भत्त्याचंही तेच. ‘फोन अलाउन्स’ या नावाने दरमहा ठरावीक रक्कम पगारात मिळत असेल, तर तीही करपात्र. पण कंपनीने तुमचं फोनचं बिल घेऊन तेवढीच रक्कम परत दिली, तर ती करात धरली जात नाही, आणि ही सूट नव्या प्रणालीतही आहे. एकाच दोन हजारांवर एका ओळीत कर आहे, दुसऱ्या ओळीत नाही. म्हणून एचआरला विचारा: हे अलाउन्स आहे की बिलावर मिळणारं रीइम्बर्समेंट?

दुसरी ओळ एनपीएसची, म्हणजे निवृत्तीसाठीच्या राष्ट्रीय पेन्शन योजनेची. कंपनीने तुमच्या एनपीएस खात्यात भरलेली रक्कम नव्या प्रणालीत बेसिकच्या १४ टक्क्यांपर्यंत वजा होते. कलम ८०सीसीडी(२). मात्र ती कंपनीनेच पगाराच्या रचनेतून भरायला हवी. स्वतःच्या बँकेतून एनपीएसमध्ये पैसे टाकून मार्चमध्ये ही वजावट मागितली, तर नव्या प्रणालीत ती मिळत नाही.

आता फेरमांडणी. स्पेशल अलाउन्समधून वर्षाचे २४,००० फोनच्या रीइम्बर्समेंटमध्ये टाका आणि बेसिकच्या १० टक्के, म्हणजे ७५,०००, एनपीएसमध्ये. करपात्र उत्पन्न होतं ११,९९,९२५. कर शून्य. फोनचे परत आलेले पैसे धरून महिन्याला हातात पडतात साधारण १,००,५३५. आधीपेक्षा फक्त २३६ जास्त, पण शिवाय वर्षाला ७५,००० तुमच्या एनपीएस खात्यात. जो पैसा करात जात होता, तो जवळजवळ सगळा तुमच्या नावावर राहिला. अर्थात हे निवृत्तीचे पैसे आहेत, मध्येच काढण्यावर कडक अटी आहेत. हे मान्य नसेल तर हा पर्याय तुमचा नाही.

या मांडणीत सीमारेषेपर्यंत फक्त ७५ रुपयांची मोकळीक आहे, हे विसरू नका. बचत खात्याचं सहा हजार व्याज आलं, की उत्पन्न ५,९२५ ने वर जातं. इथे सीमांत सवलत मदतीला येते: कर वरच्या रकमेपेक्षा जास्त लागत नाही. तरी त्या ५,९२५ वर तेवढाच कर, शिवाय चार टक्के उपकर, म्हणजे सुमारे ६,१६२ रुपये; व्याज सगळंच गेलं, वर थोडे खिशातून. म्हणून व्याज, व्हेरिएबल पे, जॉइनिंग बोनस हे सगळं आधी बेरजेत धरा आणि एनपीएसची टक्केवारी त्याप्रमाणे ठरवा. बऱ्याच ठिकाणी ती वर्षातून एकदाच बदलता येते.

‘हातात जास्त’ देण्यासाठी कधी कधी तिसरा पर्याय पुढे केला जातो: पीएफ १५,००० च्या मर्यादेवर मोजायचा, म्हणजे दोन्हीकडून दरमहा १,८००. आपल्या मूळ तक्त्यात हे केलं, तर हातातला पगार महिन्याला साधारण १०,५०० ने वाढतो. वाटतं, काय छान! पण कंपनीचा जो ६८,४०० चा वाटा करमुक्त होता, तो आता स्पेशल अलाउन्स झाला. कर वर्षाला सुमारे १०,६७० ने वाढला आणि पीएफमधली बचत १,३६,८०० ने घटली. डोक्यावर महागडं कर्ज असेल तर हे समजू शकतो. पण याला करबचत म्हणू नये, कारण इथे कर वाढलेला आहे.

जुन्या प्रणालीचं काय? मुंबईत भाडं मोठं असतं, त्यामुळे हा प्रश्न रास्त आहे. समजा बोरिवलीत महिन्याला ३५,००० भाडं आहे. एचआरएची सूट तीन रकमांपैकी सर्वांत लहान असते: मिळालेला एचआरए ३,००,०००, भाड्यातून बेसिकचे दहा टक्के वजा करून ३,४५,०००, आणि बेसिकच्या निम्मे, ३,७५,०००. सूट तीन लाख. त्यावर ८०सीचे दीड लाख, आरोग्य विम्याचे २५,०००, ५०,००० ची प्रमाणित वजावट आणि व्यवसाय कर एवढं सगळं घेऊनही कर होतो सुमारे ८५,०५६. इथे मात्र एचआरए ३,४५,००० करून घेतला, तर कर ७५,६९६ वर येतो. पण घर ठाण्यात किंवा डोंबिवलीत असेल, तर बेसिकच्या निम्म्याऐवजी ४० टक्के धरतात, कारण घर कुठे आहे ते बघतात, ऑफिस कुठे आहे ते नाही. म्हणजे मर्यादा पुन्हा तीन लाख, आणि वाढवलेला एचआरए वाया. आपल्या शून्याशी बरोबरी दोन्हीकडे होत नाही. मोठं गृहकर्जाचं व्याज असेल, तर हिशोब स्वतंत्र मांडा.

हे सगळं बिघडतं ते बहुधा दोन ठिकाणी. फोनची बिलं वेळेत दिली नाहीत, की ते २४,००० मार्चच्या पगारात करपात्र होऊन येतात आणि बारा लाखांची रेषा ओलांडली जाते. पगाराच्या स्लिपवर मार्चमध्ये अचानक टीडीएस दिसला, तर आधी हीच ओळ तपासा. दुसरं म्हणजे वर्षाच्या मध्ये नोकरी बदलणं. आधीच्या कंपनीचा पगार नव्या कंपनीला कळवला नाही, तर दोन्हीकडे तुमचं उत्पन्न बारा लाखांच्या आत दिसतं, दोन्हीकडे टीडीएस शून्य, आणि विवरणपत्र भरताना पूर्ण कर एकदम व्याजासकट समोर येतो. म्हणून सही करण्याआधी एचआरला ईमेलवर तीन गोष्टी विचारून घ्या: कंपनीचा एनपीएस पर्याय आहे का आणि किती टक्क्यांपर्यंत, फोनची बिलं कोणाच्या नावाची आणि कोणत्या तारखेपर्यंत चालतात, आणि रुजू झाल्यावर रचना निवडायची मुदत किती दिवसांची आहे.