राखणदार कोण, आधी तेवढं सांगा

(फोंड्याच्या एका बुद्धिबळ क्लबातल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, मागे बसलेल्यांना डेमो बोर्ड दिसतोय ना? नाहीतर पुढे या, खुर्च्या रिकाम्या आहेत, आणि बुद्धिबळवाले नेहमी मागेच का बसतात हे एक कोडंच आहे. विषय जाहीर केलाय डिफ्लेक्शन, डिकॉय आणि इंटरफिअरन्स. मला खरं बोलायचंय ते इंटरफिअरन्सवर, कारण क्लब प्लेअरला तोच सर्वात कमी दिसतो, पण तिथं पोचायला आधीचे दोन लागतात, म्हणून क्रमानं जाऊ.

आपल्याकडे गावागावाला राखणदार असतो, सीमेवर नारळ ठेवल्याशिवाय आपण पुढे जात नाही. पटावरही प्रत्येक महत्त्वाच्या घराला कोणीतरी राखणदार असतो. मात व्हायला एक घर हवंय आणि ते कोणीतरी धरून बसलंय, मग तो कोण हे मोठ्यानं सांगता आलं पाहिजे. याबद्दलच माझी एक तक्रार आहे, ती आधी सांगतो.

मडगावच्या एका ओपन स्पर्धेत एक मुलगा होता, नाव सांगत नाही, हुशार पोर. वडील मोबाईल दाखवत होते, सर, ह्याचं पझल रेटिंग बघा. बघितलं, खरंच चांगलं होतं. त्याच दुपारी त्याच्या डावात ही पोझिशन आली, लावतो थांबा. पांढरा: राजा जी१, वजीर एफ३, हत्ती ई१, उंट जी३, प्यादी ए२, बी२, एफ२, जी२, एच२. काळा: राजा जी८, वजीर बी६, हत्ती डी८, घोडा डी५, प्यादी ए७, बी७, एफ७, जी७, एच७. पांढऱ्याची खेळी. पोरगा बराच वेळ विचार करून एच३ खेळला, राजाला खिडकी केली. समोरच्यानं घोडा एफ६ ला आणला, ई८ वर अजून एक पहारा बसला, आणि डाव बरोबरीत गेला.

संध्याकाळी मी तीच पोझिशन कागदावर काढली, वर ठळक लिहिलं "डिफ्लेक्शन" आणि त्याच्यापुढे ठेवली. त्यानं कागद नीट हातात घेतलाही नाही, लगेच म्हणाला, वजीर मारतो डी५!

बरोबरच आहे. डी८ चा हत्ती दोन कामं करतो, डी५ चा घोडा राखतो आणि ई८ चं घरही राखतो. वजीरानं डी५ चा घोडा मारला की हत्तीनं वजीर घेतला तर ई१ चा हत्ती ई८ ला जाऊन मात, आणि नाही घेतला तर घोडा फुकट गेला. मुलाला हे येत नव्हतं असं नाही, शीर्षक नसलं की त्याला ते दिसत नव्हतं. माझा राग त्याच्यावर नाही, शिकवण्याच्या पद्धतीवर आहे. आपण मुलांना थीमप्रमाणे वह्या करून देतो, आज डिफ्लेक्शनच्या पझल्स, उद्या डिकॉयच्या, आणि मुलगा पान उघडायच्या आधीच अर्धं उत्तर घेऊन बसतो. डावात वर कोणी काही लिहून ठेवत नाही. २०२५ साली वर्ल्ड कप इथं गोव्यात झाला, आपल्यातले बरेचजण बघायला गेले, पण परत आल्यावर सगळे बोलत होते इंजिन किती प्लस दाखवत होतं त्यावर, अमुक घराला राखणदार कोण होता हे एकानंही विचारलं नाही. असो, वेळ चाललाय.

तर डिफ्लेक्शन म्हणजे राखणदाराला जागेवरून उठवणं. एकच पथ्य, तो उठला तर काय आणि नाही उठला तर काय, दोन्हींची उत्तरं तुमच्याकडे हवीत. वरच्या पोझिशनमध्ये डी५ वर घोडाच नसता आणि तुम्ही नुसता वजीर तिथं नेऊन ठेवला असता तर हत्तीला तो घ्यायची गरजच नव्हती.

डिकॉय वेगळं. इथं ज्याला बोलवायचं तो राखणदार असेलच असं नाही, त्याला त्याच्या वाईट घरात आणायचं. पेट्रोशियन–स्पास्की, १९६६, दहावा डाव सगळ्यांना पाठ असेल, वजीर एच८ शह! राजानं वजीर घेतला की घोडा एफ७ चा हत्ती मारतो, राजाला शह आणि जी५ च्या वजीरावर मारा एकदम. एच८ हे घर स्पास्कीच्या राजासाठी विषारी होतं, बस्स.

आता छोटं उदाहरण. काळा राजा एच८, प्यादी जी७, एच७, हत्ती डी८. पांढरा वजीर ई६, घोडा एच६. नुसता घोडा एफ७ शह दिला तर राजा जी८ ला सरकतो. म्हणून आधी वजीर जी८ शह, घोडा राखतोय म्हणून राजाला वजीर घेता येत नाही, हत्तीलाच घ्यावा लागतो, आणि मग घोडा एफ७, मात. हत्तीनं आपल्याच राजाची वाट बंद केली. पण मजा बघा, हाच हत्ती डी८ ऐवजी एफ८ ला ठेवा. आता तो एफ७ चा राखणदारही आहे, वजीर जी८ ला गेला की तो एफ७ सोडतो आणि जी८ पण अडवतो, म्हणजे डिफ्लेक्शन आणि डिकॉय एकाच खेळीत. वहीत हे कुठल्या प्रकरणात घालणार?

किती वाजले? दहाच मिनिटं? बरं, इंटरफिअरन्स, भरभर जातो.

यात राखणदार हलत नाही, त्याची लाईन मधे कापायची. म्हणून तो फक्त वजीर, हत्ती, उंट यांच्याविरुद्ध चालतो, घोड्याला मधे अडवायला काही नसतं. बघा: पांढरा राजा जी१, वजीर ई२, उंट एफ३, प्यादी सी४, एफ२, जी२, एच२. काळा राजा जी८, वजीर डी२, हत्ती डी८, प्यादी ए७, बी७, जी७, एच७. वजीर समोरासमोर आहेत, तुम्ही मारला तर डी८ चा हत्ती परत मारतो. नजर सगळ्यांची वजीरांवर जाते, पण बघायची ती मधली रिकामी घरं, डी३ ते डी७. उंट डी५ शह!

आता काळ्याला आधी शहाला उत्तर द्यायचंय, तुमचा वजीर मारायला वेळ नाही. राजा एच८ किंवा एफ८ ला हलला तर तुम्ही डी२ चा वजीर घ्या, डी८ चा हत्ती उंटाच्या मागे अडकलाय. वजीरानं उंट मारला तर सी४ चं प्यादं वजीर मारतं. हत्तीनं मारला तर आठवी रांग उघडी पडली, वजीर ई८, मात.

आता सी४ चं प्यादं काढतो. तीच खेळी, वजीर डी५ वर उंट खातो आणि तुमच्याकडे काही नाही. प्यादं परत ठेवतो आणि एफ७ ला एक काळं प्यादं लावतो. आता उंट डी५ ला शहच नाही, काळा सरळ तुमचा ई२ चा वजीर घेतो. मधे घातलेलं मोहरं समोरच्याला फुकट खाता येतं का, आणि खेळीत शह किंवा तितकीच मोठी धमकी आहे का, क्लबात इंटरफिअरन्स फसतो तो बहुतेक या दोन जागी. एफ७ चं प्यादं काढून पट ठेवतो, ज्यांना घाई नाही त्यांनी सी४ ऐवजी प्यादं ई४ ला ठेवून उंट सी६ वरून आणून बघा, वजीराची ई८ ची वाट बंद होते, मग हत्तीनं डी५ वर मारल्यावर काय राहतं ते मला सांगा.