केबलवरचे वॅट आणि केबलवरचे जीबीपीएस

जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये यूएसबी-सी केबल मागितली, की काउंटरच्या पलीकडून येणारा प्रश्न बहुधा एकच असतो: किती वॅटची देऊ? हा प्रश्न योग्य आहे, पण अर्धा आहे. केबलमधून माहिती किती वेगाने जाईल हे तो विचारत नाही, आणि गिऱ्हाइकालाही ते विचारायचे सुचत नाही, कारण वॅटचा आकडा मोठा असला म्हणजे केबल सर्वच बाबतींत सरस असणार, असा आपला सर्वसाधारण समज असतो.

लगीनसराईत हा समज किती महाग पडतो, ते एका उदाहरणावरून पाहू. यावल तालुक्यात लग्नाचे चित्रीकरण करणाऱ्या एका छायाचित्रकाराने हळदीपासून पाठवणीपर्यंतचे दोनशे जीबी चित्रण एका बाह्य एसएसडीवर साठवले आहे आणि ते आता त्याला लॅपटॉपवर घ्यायचे आहे. एसएसडीसोबत आलेली वीतभर लांबीची केबल गैरसोयीची वाटते म्हणून त्याने दोन मीटर लांबीची, कापडी वेष्टणाची, जाडजूड नवी केबल घेतली. तिच्या टोकावर ठळक अक्षरांत 240W असे छापलेले आहे. नक्कल सुरू होते आणि पडद्यावर वेग दिसतो सुमारे 40 मेगाबाइट प्रतिसेकंद. या गतीने दोनशे जीबी उतरायला जवळपास दीड तास लागतो. तीच एसएसडी तिच्या मूळच्या आखूड केबलने जोडली, तर हा वेग 900 मेगाबाइटच्या आसपास जातो आणि काम चार मिनिटांत संपते. ज्या गावात भारनियमनाची वेळ सांभाळून काम करावे लागते, तिथे हा फरक क्षुल्लक नाही.

नवी केबल खोटी नव्हती. तिच्यावर लिहिलेले 240 वॅट खरेच होते, पण त्या आकड्याचा वेगाशी काही संबंध नव्हता.

याचे कारण केबलच्या पोटात आहे. वीज वाहून नेणाऱ्या तारा वेगळ्या असतात आणि माहिती वाहून नेणाऱ्या वेगळ्या. प्रत्येक सर्वसाधारण यूएसबी-सी केबलमध्ये विजेसाठी जाड तारा, दोन्ही टोकांच्या उपकरणांना एकमेकांशी बोलणी करता यावीत म्हणून एक बारीक तार, आणि माहितीसाठी यूएसबी 2.0 ची जुनी जोडी असते. या जोडीची कमाल मर्यादा 480 मेगाबिट प्रतिसेकंद आहे. आठ बिटांचा एक बाइट होतो, म्हणून हिशेबाने हे 60 मेगाबाइट होतात, आणि व्यवस्थापनाचा भार वजा जाता हाती पस्तीस ते चाळीस उरतात. त्याहून अधिक वेग हवा असेल, तर आणखी चार जोड्या, त्याही प्रत्येकी वेगळ्या आवरणात गुंडाळून, टाकाव्या लागतात. अशी केबल महाग होते, थोडी ताठर होते आणि तिची लांबीही मर्यादित राहते, म्हणून 10 जीबीपीएसच्या साध्या केबली साधारण एक मीटरपर्यंतच्याच असतात. केवळ चार्जिंगसाठी बनवलेल्या केबलमध्ये या चार जोड्या गाळून टाकलेल्या असतात. त्यामुळे ती लांब, लवचिक आणि स्वस्त ठेवता येते, आणि विजेच्या बाबतीत तिच्यात काहीच उणे राहत नाही.

आता याच गोष्टीची दुसरी बाजू पाहू. समजा, त्या छायाचित्रकाराने आखूड, वेगवान केबल शंभर वॅटच्या चार्जरला लावून लॅपटॉप जोडला आणि संकलनाचे काम चालू ठेवले. थोड्या वेळाने त्याच्या लक्षात येते की चार्जर लावलेला असूनही बॅटरीची टक्केवारी खाली येत आहे. यूएसबी-सीच्या नियमानुसार प्रत्येक केबलने तीन अँपिअर प्रवाह वाहिलाच पाहिजे, आणि 20 व्होल्टला तीन अँपिअर म्हणजे 60 वॅट. त्याहून अधिक प्रवाह हवा असेल, तर केबलच्या टोकात ई-मार्कर नावाची एक चिप असावी लागते. ही केबल किती अँपिअर आणि कोणता वेग पेलू शकते, हे ती चिप चार्जरला सांगते. पाच अँपिअरची ग्वाही मिळाली नाही, तर शंभर वॅटचा चार्जरही तीन अँपिअरपुढे जात नाही, आणि ते योग्यच आहे, अन्यथा बारीक तारा तापतील. लॅपटॉप मात्र संकलन करताना 60 वॅटपेक्षा जास्त खात असेल, तर उरलेली तूट बॅटरीतूनच भरली जाते.

हे ध्यानात आले, की केबल वाचणे अवघड राहत नाही. W हे अक्षर विजेविषयी बोलते आणि Gbps किंवा Mbps ही अक्षरे वेगाविषयी बोलतात. यूएसबीची मानके ठरवणारी संस्था यूएसबी-आयएफ हिच्या नव्या खुणांमध्ये विजेचे दोनच आकडे आहेत, 60 आणि 240. जुन्या केबलींवर शंभर वॅट दिसतो, तो 20 व्होल्ट गुणिले पाच अँपिअर. नवा 240 येतो तो 48 व्होल्ट गुणिले पाच अँपिअर यातून. वेगवान केबलवर 20Gbps किंवा 40Gbps असा आकडा वॅटसोबत छापलेला असतो. जिथे फक्त वॅट लिहिलेले आहेत आणि वेगाचा उल्लेखच नाही, तिथे 480 मेगाबिट समजून चालावे. खोक्यावरील ‘फास्ट चार्जिंग आणि डेटा सिंक’ या शब्दांवरून वेग कळत नाही, कारण 480 मेगाबिटनेही सिंक होतेच. विजेच्या कडाडण्याचे चिन्ह पाहूनही फसू नये: टोकावरची ती खूण बहुधा थंडरबोल्टची, म्हणजे वेगाची, असते; जलद चार्जिंगची नव्हे.

काही फोनसोबत येणाऱ्या, एका टोकाला जुने चौकोनी ए-कनेक्टर असलेल्या केबलींवर 80 वॅट किंवा सहा अँपिअर लिहिलेले आढळते. तो आकडा त्या कंपनीच्या स्वतःच्या चार्जिंग पद्धतीपुरता असतो आणि दुसऱ्या चार्जरबरोबर तो मिळेलच असे नाही.

छपाई पुसली गेली असेल, तर केबल तपासून पाहता येते. लिनक्स असलेल्या संगणकावर केबलने एसएसडी जोडून पुढील आज्ञा द्यावी.

```
lsusb -t
```

एसएसडीच्या ओळीच्या शेवटी 480M दिसले तर जोडणी यूएसबी 2.0 ची आहे, 10000M दिसले तर 10 जीबीपीएसची. विंडोजवर एखादी मोठी फाइल उतरवून नकलेच्या खिडकीतला वेग पाहावा. तो चाळीसच्या आसपास न हलता स्थिर राहिला, तर संशय केबलवर घ्यावा. मात्र ही चाचणी पेनड्राइव्हने करू नये, कारण तो स्वतःच मंद असू शकतो. आणि संगणकाचे ते छिद्रही वेगवान असल्याची खात्री करावी, नाहीतर चांगल्या केबलवर विनाकारण बट्टा लागेल. बाहेरचा पडदा यूएसबी-सीने जोडल्यावर चित्र येत नसेल, तर त्याच गाळलेल्या चार जोड्या कारणीभूत असू शकतात, कारण चित्र त्यांच्यातूनच जाते.

वीज आणि वेग दोन्ही एकाच केबलमध्ये हवे असतील, तर दोन्ही आकडे छापलेली, एक मीटरच्या आतली केबल मागावी लागते आणि तिला पैसेही जास्त पडतात. लग्नाच्या चित्रीकरणासारख्या कामाला माझ्या मते त्यापेक्षा दोन वेगळ्या केबली सोयीच्या: चार्जरपाशी 240 वॅटची लांब केबल आणि एसएसडीच्या पाकिटात 10 जीबीपीएसची आखूड केबल, दोन्हींच्या टोकांना चिकटपट्टी लावून आकडे स्वतःच्या हाताने लिहिलेल्या.