न दिसणाऱ्या मेहनतीचा पगार कसा ठरवावा?

आजचा विषय एका साध्या प्रसंगातून मांडतो. निफाडसारख्या द्राक्षाच्या तालुक्यात ठिबक सिंचनाचे संच विकणारा एक दुकानदार आहे. त्याने गावोगाव फिरून गिऱ्हाईक आणण्यासाठी एक विक्रेता ठेवला आहे. विक्रेता सकाळी मोटारसायकल काढून निघतो. तो खरोखर पाच मळ्यांवर गेला की नाक्यावर चहा पीत बसला, हे दुकानदाराला कळत नाही. महिनाअखेरीस त्याच्यासमोर फक्त विक्रीचा आकडा येतो. करार झाल्यावर एकाची मेहनत दुसऱ्याला दिसत नाही आणि ती टाळल्याचा तोटा मात्र दुसऱ्याला सोसावा लागतो, या अडचणीला अर्थशास्त्रात ‘नैतिक जोखीम’ म्हणतात. नावात नैतिक असलं तरी माणूस लबाड आहे असं इथे गृहीत धरलेलं नाही. मेहनतीला त्रास पडतो आणि तो त्रास तो हिशेबात धरतो, एवढंच.

आता आकडे घेऊ. विक्रेता मन लावून फिरला तर 10 पैकी 8 महिने चांगले जातात, आळस केला तर 10 पैकी 4. म्हणजे नशिबाचा वाटा दोन्हीकडे आहे. पैशाचं समाधान आपण पगाराच्या वर्गमुळाने मोजू: 10,000 रुपयांना 100 गुण, 40,000 रुपयांना 200. पैसा चौपट झाला तरी समाधान दुप्पटच होतं, म्हणून या माणसाला अनिश्चित पगार नकोसा वाटतो. मेहनतीचा त्रास 20 गुणांचा. दुसरीकडे त्याला 10,000 रुपयांची बिनत्रासाची नोकरी मिळते, म्हणून 100 गुणांपेक्षा कमी मिळत असतील तर तो इथे येणार नाही. मालकाला मात्र सरासरीशीच मतलब आहे.

मेहनत दिसली असती तर प्रश्नच नव्हता. 120 गुणांचा, म्हणजे 14,400 रुपयांचा ठराविक पगार पुरला असता. पण ती दिसत नसताना तोच पगार दिला, तर विक्रेता नाक्यावर बसूनही 120 गुण मिळवतो आणि फिरला तर 100. तो बसणारच.

म्हणून चांगल्या आणि वाईट महिन्याच्या पगारात फरक हवा. मेहनतीने चांगल्या महिन्याची शक्यता 0.4 ने वाढते आणि त्रास 20 गुणांचा आहे. तेव्हा फरक किमान 20 भागिले 0.4, म्हणजे 50 गुणांचा लागतो. शिवाय मेहनत करणाऱ्याची सरासरी 120 गुण यायला हवी. दोन्ही अटी एकत्र सोडवल्या की वाईट महिन्याला 80 आणि चांगल्या महिन्याला 130 गुण येतात. रुपयांत 6,400 आणि 16,900. ताळा करून पाहा: मेहनतीने 104 अधिक 16 वजा 20, म्हणजे 100; आळसाने 52 अधिक 48, तेही 100. बरोबरी आहे, म्हणून प्रत्यक्षात चांगल्या महिन्याला थोडे रुपये वर द्यावेत.

मालकाचा सरासरी खर्च आता 14,800 होतो. वरचे 400 रुपये मेहनतीचे नव्हेत. विक्रेत्याच्या डोक्यावर अनिश्चितता ठेवल्याची ती भरपाई आहे. आळशी विक्रेता 10,000 रुपयांत मिळतो, म्हणजे मेहनत विकत घ्यायला 4,800 जास्त पडतात. त्यामुळे चांगल्या आणि वाईट महिन्याच्या, पगार वजा करण्याआधीच्या नफ्यात 4,800 भागिले 0.4, म्हणजे 12,000 रुपयांहून जास्त अंतर असेल तरच हा करार परवडतो.

इथे एक व्यवहारातली अडचण येते. वाईट महिन्यात 6,400 रुपयांवर कोण घर चालवणार? समजा पगार 10,000 च्या खाली नेता येत नाही. पण 50 गुणांचा फरक तर हवाच, म्हणून चांगल्या महिन्याला 150 गुण, म्हणजे 22,500 द्यावे लागतात. सरासरी खर्च थेट 20,000 वर जातो. ‘पगार पक्का ठेवला आणि वर थोडं कमिशन लावलं’ अशा योजना फसतात त्या इथेच: खालची बाजू धरून ठेवली की वरचं कमिशन थोडं असून भागत नाही.

याहून मोठा घोळ मोजमापाचा. समजा द्राक्षाचा भाव आणि अवकाळी पाऊस यांवरच विक्री ठरते. मेहनतीने चांगला महिना 10 पैकी 6 वेळा, आळसाने 5 वेळा. मग फरक 20 भागिले 0.1, म्हणजे 200 गुणांचा लागतो. वाईट महिन्याला शून्य रुपये, चांगल्याला 40,000, सरासरी 24,000. मेहनत तेवढीच आणि त्रासही तेवढाच, पण आकडा मेहनतीविषयी फार थोडं सांगतो म्हणून 14,400 च्या वरचे 9,600 रुपये अनिश्चिततेपोटी जातात.

अशा वेळी कमिशन वाढवण्याआधी मोजमाप सुधारावं. शेजारच्या तालुक्यातल्या विक्रेत्याची त्याच महिन्याची विक्री सोबत ठेवून पाहावी. पाऊस दोघांनाही सारखाच लागला असेल, तर दोघांमधल्या फरकातून पावसाचा वाटा बराचसा निघून जातो. अर्थशास्त्रज्ञ बेंग्ट होल्मस्ट्रॉम यांनी 1979 मध्ये हेच तत्त्व मांडलं: मेहनतीविषयी काही नवीन सांगणारी प्रत्येक खूण करारात धरण्याजोगी असते. मात्र विक्रेत्याने स्वतः लिहिलेली भेटींची वही ही तशी खूण नाही, कारण ती नाक्यावर बसूनही भरता येते. तिच्याऐवजी दुकानातून दर आठवड्याला चार-पाच शेतकऱ्यांना फोन करून ‘आमचा माणूस आला होता का’ एवढं विचारलं तरी चालतं.